स्टँडबायचे तास, कॉल-आउट आणि कापलेले 15 डॉलर

हेमगंध
नमस्कार मंडळी. मी टेक्सासमध्ये एका हॉस्पिटलात बायोमेडिकल टेक्निशियन आहे. व्हेंटिलेटर, इन्फ्यूजन पंप, मॉनिटर असलं काही रुसलं की आम्हाला बोलावतात. पगार तासावर, 30 डॉलर. दर चार आठवड्यांनी एक वीकेंड ऑन-कॉल असतो: शुक्रवार संध्याकाळी 6 ते सोमवार सकाळी 6, म्हणजे 60 तास. या स्टँडबायचे तासाला 3 डॉलर देतात. अटी तीन: फोन उचलायचा, 30 मिनिटांत पोचायचं आणि दारूला शिवायचं नाही. बाकी घरी बसा, मॉलमध्ये हिंडा, कुणी विचारत नाही.

गेल्या वेळी दोनदा जावं लागलं. शनिवारी रात्री 3 तास आणि रविवारी दुपारी 2 तास. पेस्लिप आली ती अशी: 40 तास 30 ने 1200, 5 तास 45 ने 225, स्टँडबाय 55 तास 3 ने 165. एकूण 1590.

60 चे 55 का झाले म्हणून विचारलं, तर पेरोलच्या बाई म्हणाल्या, "ज्या तासांना पूर्ण पगार दिला त्या तासांचा स्टँडबाय कसा देणार?" पण मी तिथे पंप उघडून बसलेले असताना दुसरा फोन आला असता तर तोही मीच घ्यायचा होता ना? हे 5 तास कापणं बरोबर आहे का?

पुणेरी_पाटी
15 डॉलरसाठी धागा! आपल्या मातीतलं माणूस कुठेही गेलं तरी ओळखू येतं. (मी पण हेच केलं असतं.)

टकाटक
आमच्याकडे ऑन-कॉलच्या आठवड्याचे ठरावीक पैसे मिळतात. रात्री 3 ला सर्व्हर पडला काय आणि न पडला काय, तेवढेच. गेल्या महिन्यात सलग चार रात्री जागलो, वर एक पैसा नाही. मॅनेजरला विचारलं तर म्हणे पगारात धरलेलं आहे. तुम्हाला निदान तास मोजून मिळतात, त्यात सुख माना.

हेमगंध
@टकाटक, तुम्ही महिन्याच्या पगारावर, ओव्हरटाइमच्या बाहेरचे असणार. माझं तसं नाही, मी घड्याळाला बांधलेली आहे.

शेंगदाणा_चटणी
अहो, मुळात 3 डॉलरच बेकायदेशीर आहेत! अमेरिकेत किमान वेतन 7.25 आहे, टेक्सासलाही तेच. त्याखाली तास विकत घेताच येत नाही. आणि माझ्या माहितीप्रमाणे एकदा कामावर बोलावलं की तो सगळा स्टँडबाय कामाचा होतो, म्हणजे 60 च्या 60 तासांना 30 डॉलर. सरळ लेबर डिपार्टमेंटकडे जा.

पुणेरी_पाटी
60 तास 30 ने, वर ओव्हरटाइम. हेमगंधताई, नवीन गाडी कोणत्या रंगाची घेताय?

जुना_हिशेबनीस
इथल्या दोन हॉस्पिटलांच्या पेरोलमध्ये 19 वर्षं काढली, आता निवृत्त आहे. थोडं लिहितो.

चटणी, तुमचं अर्धं बरोबर आहे. 7.25 चा नियम कामाच्या तासांना लागतो. म्हणून आधी ठरवायचं ते हे, की घरी फोन जवळ ठेवून बसलेले तास कामाचे धरायचे की नाहीत. ते कामाचे ठरले तर 3 डॉलर चालणार नाहीत, हे खरं. पण एकदा बोलावलं म्हणून मागचे सगळे तास आपोआप कामाचे होतात, असं कुठेही नाही. जे 5 तास प्रत्यक्ष काम केलं ते कामाचे. उरलेल्या तासांची परीक्षा वेगळी: त्या वेळात माणूस स्वतःचं काही करू शकतो का?

1991 साली यावर दोन वेगवेगळ्या अपील कोर्टांचे निकाल आले. दोन्हीकडे अट 20 मिनिटांत हजर होण्याची. पहिल्यात ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलातला टेक्निशियन होता, नाव ब्राइट, काम अगदी तुमचंच, उपकरणं दुरुस्तीचं. बीपर जवळ ठेवायचा, शुद्धीत राहायचं आणि 20 मिनिटांत यायचं. हे जवळजवळ वर्षभर, सुट्टी न मिळता. कोर्ट म्हणालं, हा घरी राहू शकतो, बाजारात जाऊ शकतो, स्टँडबायचे तास कामाचे नाहीत. दुसरा खटला कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावच्या अग्निशामक जवानांचा, रेनफ्रो. त्यांनाही 20 मिनिटं, पण 24 तासांत सरासरी 3 ते 5 वेळा बोलावणं यायचं. तिथे कोर्टाने तास कामाचे धरले. म्हणजे फरक मिनिटांनी पडला नाही, फोन किती वेळा वाजतो याने पडला.

हेमगंध, तुम्हाला 30 मिनिटं आणि वीकेंडला दोन बोलावणी. टेक्सास ब्राइटच्याच कोर्टाखाली येतं. त्यामुळे 60 तासांना 30 डॉलर मागायला जाऊ नका, वकिलाची फी वाया जाईल.

पण तुमची पेस्लिप चुकलेली आहे. तुम्ही बोट ठेवलंय त्या जागी नव्हे, दुसऱ्या जागी. आधी सांगा, तुमचा पगाराचा आठवडा कोणत्या वाराला, किती वाजता सुरू होतो?

शेंगदाणा_चटणी
दारू पिऊ नका, लांब जाऊ नका, सिनेमात फोन बंद करू नका. हे "स्वतःचं काही करणं"? वर्षभर बीपर लटकवलेल्या माणसाला सुट्टी मिळाली म्हणायची?

जुना_हिशेबनीस
त्या निकालातही सगळ्या न्यायाधीशांचं एकमत नव्हतं. मला स्वतःला तो कडक वाटतो. पण कायदा मला काय वाटतं त्यावर चालत नाही, हे पेरोलमध्ये लवकर कळतं.

हेमगंध
@जुना_हिशेबनीस, आठवडा सोमवारी सकाळी 6 ला सुरू होतो. दुसरी जागा म्हणजे कोणती? दोन दिवस झाले पेस्लिपकडे बघतेय.

जुना_हिशेबनीस
बरं झालं, म्हणजे सगळा वीकेंड एकाच आठवड्यात बसतो. रविवारी आठवडा बदलत असता तर दोन तुकडे करावे लागले असते.

आता 45 हा आकडा बघा. ओव्हरटाइम दीडपट द्यायचा, पण कशाच्या दीडपट? पेरोलने 30 च्या दीडपट दिलाय. कायद्यात "रेग्युलर रेट" च्या दीडपट म्हटलंय आणि तो पेस्लिपवर छापलेला दर नसतो. तो दर आठवड्याला काढावा लागतो: त्या आठवड्यात नोकरीपोटी मिळालेले सगळे पैसे भागिले प्रत्यक्ष कामाचे तास. स्टँडबायचे पैसे त्यात धरायचे असं नियमात स्वच्छ लिहिलंय, 29 सीएफआर 778.223. वर पैसे धरायचे, खाली तास धरायचे नाहीत.

तुमचा आठवडा मांडू. काम 45 तास, 30 ने 1350. स्टँडबाय पेरोलने दिला तेवढाच, 165. बेरीज 1515. भागिले 45, म्हणजे 33.67. हा तुमचा त्या आठवड्याचा खरा दर. 45 ही तासांचे एकपट पैसे 1350 मध्ये येऊन गेलेत, म्हणून वरच्या 5 तासांना आता फक्त अर्धा दर जोडायचा: 16.83 ने 84.17. एकूण 1599.17. तुम्हाला मिळाले 1590. म्हणजे 9.17 कमी.

आणि तुमचे ते 15 डॉलर? कॉल-आउटचे तास स्टँडबायमधून वजा करायला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. उद्या त्यांनी स्टँडबायचे 3 डॉलर बंद करून शून्य केले तरी हा कायदा गप्प बसेल, कारण ते तास कामाचेच नाहीत. ते 15 मिळतील की नाही हे तुमच्या हँडबुकात काय लिहिलंय त्यावर आहे. सगळे 60 तास धरायचे ठरले तर स्टँडबाय 180, बेरीज 1530, दर बरोबर 34, ओव्हरटाइमचा अर्धा भाग 85 आणि एकूण 1615.

पुणेरी_पाटी
हे म्हणजे चपलेची तक्रार घेऊन गेलो आणि कळलं की खिसाच फाटलाय.

शेंगदाणा_चटणी
थांबा. हे मला पटत नाही. तास कामाचे नाहीत म्हणून किमान वेतन लागत नाही. मग त्याच तासांचे पैसे कामाचे कसे झाले? एकतर दोन्ही धरा, नाहीतर दोन्ही सोडा.

जुना_हिशेबनीस
प्रश्न रास्त आहे. पेरोलमध्ये नव्याने आलेली प्रत्येक व्यक्ती हाच विचारते आणि म्हणूनच ही चूक इतकी होते. सॉफ्टवेअरमध्ये स्टँडबाय "भत्ता" म्हणून टाकला आणि "ओव्हरटाइममध्ये धरा" ही खूण करायची राहिली की झालं.

असं बघा. कायद्याने आधी सगळे पैसे आत घेतलेत आणि मग काय बाहेर ठेवायचं त्याची मोजकी यादी दिलीय: सणाची भेट, प्रवासखर्चाची भरपाई, रजेचा पगार, अशा गोष्टी. यादीत नसेल ते आत. स्टँडबायचे पैसे भेट नाहीत, खर्चाची भरपाईही नाहीत. तुम्ही मालकासाठी काहीतरी करताय, तयार राहताय, त्याचा तो मोबदला. तो विशिष्ट तासांच्या कामाचा नसेल, पण नोकरीचा आहे.

माणिकमोती
मी कॅलिफोर्नियात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. आमच्याकडे वेगळीच गंमत आहे. कॉल आला की किमान 2 तासांचे पैसे, काम 40 मिनिटांचं असलं तरी. एकदा 40 मिनिटांत काम संपवून गाडीत बसले तोच दुसरी केस आली. म्हणाले, पहिले 2 तास अजून संपले नाहीत, त्यातच धरा! परत वर. तेव्हा इतकी चिडले होते की भांडलेसुद्धा नाही.

@जुना_हिशेबनीस, ते 2 तासही त्या दरात धरायचे का?

जुना_हिशेबनीस
40 मिनिटं कामाची. उरलेल्या 80 मिनिटांचे पैसे आधी न ठरलेल्या बोलावण्याचे असतील तर ते बाहेर ठेवता येतात आणि ती मिनिटं आठवड्याच्या 40 तासांतही मोजली जात नाहीत. म्हणजे बोलावण्याच्या किमान पैशांना सूट आहे, नुसत्या वाट बघण्याच्या पैशांना नाही. ऐकायला उलटं वाटतं खरं.

पण हे केंद्रीय कायद्याचं. तुमच्याकडे राज्याचा कायदा जास्त कडक आहे, दिवसाला 8 तासांनंतरच ओव्हरटाइम सुरू होतो आणि मालकाचा ताबा किती हे तिथे जास्त बारकाईने बघतात. कॅलिफोर्नियाबद्दल मी छातीठोकपणे बोलणार नाही. दुसऱ्या केसचं तुमच्या युनियनच्या करारात असेल, तो काढा.

राइनकाठ
जर्मनीतून. इथे सरकारी आणि नगरपालिकांच्या नोकऱ्यांच्या वेतन करारात हे भांडण उरतच नाही. घरून उपलब्ध राहायचं असेल तर तासांवर नाही, दिवसावर ठोक रक्कम: सोमवार ते शुक्रवार दिवसाला 2 तासांचा पगार, शनिवार, रविवार आणि सुट्टीला 4 तासांचा. दिवस कोणता हे ड्यूटी कधी सुरू झाली त्यावर. हेमगंध यांचा वीकेंड इथे असता तर शुक्रवारचे 2, शनिवारचे 4, रविवारचे 4 असा 10 तासांचा पगार नुसता फोन जवळ ठेवल्याचा. 30 च्या दराने 300.

जावं लागलं तर त्या ठोक रकमेतून काही वजा होत नाही. दर खेपेचा वेळ, घरून जाण्यायेण्यासकट, पूर्ण तासावर वर नेतात आणि त्याला ओव्हरटाइमचा दर देतात. माझा नवरा पाणीपुरवठ्यात आहे. एकदा व्हॉल्व्ह बंद करायला 10 मिनिटं लागली, एक तास मिळाला.

पुणेरी_पाटी
जर्मनीत व्हॉल्व्ह 10 मिनिटांत बंद होतो, हीच माझ्यासाठी बातमी आहे.

सातारकर_आबा
आमच्या वेळी असला काही दर नव्हता. वीज उपकेंद्रात होतो. क्वार्टर आवारातच. रात्री ट्रिपिंग झालं की साहेब खिडकीवर काठी वाजवायचा. स्टँडबाय म्हणजे काय तर क्वार्टरला भाडं कमी, एवढंच. जेवायला बसलो आणि फीडर गेला असं किती वेळा झालं याला गणती नाही.

मेव्हणा चिंचवडला कारखान्यात होता, त्याला फॅक्टरी अ‍ॅक्टने 9 तासांच्या वर डबल मिळायचा. तो दिवाळीला यायचा आणि डबलच्या गोष्टी सांगायचा. आम्ही ऐकायचो.

राइनकाठ
आबा, आवारातच राहायला लागणं ही वेगळी गोष्ट आहे हं. मालकाने सांगितलेल्या जागी थांबायचं असेल तर युरोपात तो सगळा वेळ कामाचाच धरतात, झोपलात तरी. युरोपियन कोर्टाने 2000 आणि 2003 मध्ये डॉक्टरांच्या खटल्यांत तसं ठरवलं. अर्थात तास कामाचा धरला म्हणून पगार पूर्ण दिलाच पाहिजे, असं मात्र नाही. तो निर्देश विश्रांतीपुरता आहे, झोपेच्या तासांना दर कमी ठेवता येतो.

सातारकर_आबा
ताई, क्वार्टर घ्यायची सक्ती नव्हती. पण न घेऊन जातो कुठं.

टकाटक
म्हणजे मलाही हा रेग्युलर रेट लागू होतो का? माझं सहा वर्षांचं राहिलंय.

जुना_हिशेबनीस
टकाटक, तुम्ही ओव्हरटाइमच्या कक्षेतच नसाल तर दीडपट कशाच्या हा प्रश्नच येत नाही. पण "सॉफ्टवेअरमधला म्हणजे बाहेरचा" असं सरसकट नसतं. तुम्ही प्रत्यक्षात काय काम करता आणि पगार कसा मिळतो यावर आहे. आणि सहा वर्षं विसरा. मागे जाता येतं दोन वर्षं, मालकाने जाणूनबुजून केलं हे दाखवता आलं तर तीन.

हेमगंध
आठवडाभराने परत आलेय.

हँडबुक काढलं. त्यात एकच ओळ आहे: स्टँडबायचा दर "नेमून दिलेल्या सर्व स्टँडबाय तासांना" लागू. वजा करण्याबद्दल अवाक्षर नाही. पेरोलच्या बाईंनी पुरावा म्हणून दोन वर्षांपूर्वीची मॅनेजरची एक मेल पाठवली, त्यात "कॉल-आउटचे तास स्टँडबायमध्ये लिहू नयेत" असं आहे. मेल आमच्या चौघांपैकी फक्त दोघांना गेलेली. मला नव्हती.

मग हिशेबनीसकाकांचा हिशेब एका कागदावर लिहून एचआरकडे नेला. 15 डॉलरबद्दल तोंडातून शब्द काढला नाही, आधी फक्त 33.67 दाखवलं. तिथल्या मुलीने 778.223 उघडून वाचलं, चेहरा थोडा पडला, म्हणाली बघते. काल 9.17 जमा झाले. मागच्या वीकेंडांचं "तपासतोय" म्हणाले. 15 ला मात्र सरळ नाही, मॅनेजरची मेल हेच धोरण म्हणे.

पुणेरी_पाटी
9.17! पार्टी कधी?

जुना_हिशेबनीस
पाटी, हसू नका. वर्षाला 13 वीकेंड येतात. प्रत्येक वेळी असंच झालं असेल तर माणशी 119 च्या आसपास, दोन वर्षांचे त्याच्या दुप्पट, माणसं चार. प्रकरण लेबर डिपार्टमेंटकडे किंवा कोर्टात गेलं तर तेवढीच रक्कम भरपाई म्हणून आणखी लागू शकते. एचआरच्या मुलीचा चेहरा पडला तो उगाच नाही.

हेमगंध, "तपासतोय" ला तारीख मागा, तीही मेलवर. कारण दोन वर्षांची मुदत एकेका पगारापासून धावते, दर आठवड्याला मागचा एक आठवडा गळतो.

15 डॉलरचा रस्ता वेगळा. तो ओव्हरटाइमचा नाही, लिहून दिलेलं न पाळल्याचा आहे. त्यासाठी टेक्सास वर्कफोर्स कमिशनकडे पगाराचा दावा करता येतो, पैसे देय झाल्यापासून 180 दिवसांत. हँडबुकची ओळ जिंकेल की मॅनेजरची मेल, हे मी सांगू शकत नाही. तुम्हाला ती मेल आलीच नव्हती ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे.

शेंगदाणा_चटणी
आणि हे सगळं झाल्यावर त्यांनी स्टँडबाय 3 वरून 2 वर आणला तर?

जुना_हिशेबनीस
पुढच्या तासांसाठी आणू शकतात, आधी सांगून. तक्रार केली म्हणून सूड म्हणून आणला तर मात्र तो वेगळा गुन्हा. सिद्ध करणं कठीण असतं, म्हणून तारखा लिहून ठेवा.

माणिकमोती
एक राहिलं. फोनवरचे तास? आम्हाला कितीदा नुसता फोन येतो, जावं लागत नाही.

हेमगंध
अगदी! त्याच रविवारी सकाळी आयसीयूच्या नर्सला फोनवर पंपाचा अलार्म कसा काढायचा ते सांगितलं, दोनदा मिळून 25 मिनिटं. मी लिहिलेच नाहीत.

जुना_हिशेबनीस
लिहायला हवे होते. घरी सोफ्यावर बसून केलं तरी काम ते काम. ते 25 मिनिटं 5 तासांत मिळवा, सगळा हिशेब पुन्हा थोडा वर सरकेल.

राइनकाठ
आणि जाण्यायेण्याचा वेळ? आमच्याकडे धरतात म्हणून विचारते.

जुना_हिशेबनीस
इथे तो डोकेदुखीचा भाग आहे. घरी आल्यावर रात्री परत बोलावून लांबच्या ग्राहकाकडे पाठवलं तर तो प्रवास कामाचा, असं नियमात आहे. पण आपल्याच नेहमीच्या जागी परत बोलावलं तर लेबर डिपार्टमेंटने त्याच नियमात लिहून ठेवलंय की आम्ही यावर भूमिका घेत नाही. त्यामुळे जो तो आपापल्या सोयीने करतो. हेमगंध, तुमच्याकडे 3 तास कुठून मोजले, घरून की दारातून?

हेमगंध
पार्किंगच्या गेटवर बॅज लावला तिथून. घरून 25 मिनिटं लागतात, ती कुणीच मोजत नाही. आता निघताना मॅनेजरला "निघाले" एवढा मेसेज टाकायला सुरुवात केलीय. दोन वेळा झालं, अजून त्याने काही विचारलेलं नाही.